पोल, प्रश्नाचा स्टिकर आणि कमेंट्स: नवा माल बनवण्याआधी गिऱ्हाइकाचा अंदाज कसा घ्यावा

दोन वर्षांपूर्वी थंडीत माझ्या वहिनींनी इन्स्टाग्रामच्या स्टोरीवर पोल टाकला, ‘डिंकाचे लाडू आणू का?’ कोथरूडला घरून त्या भाजणी, मेतकूट आणि कोरड्या चटण्या विकतात. ६१ मतं आली, त्यातली ५४ ‘हो’. वहिनींनी आनंदाने नावांसकट सगळ्याचे स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर टाकले आणि १२ किलो लाडू वळले. दोन आठवड्यांत गेले साडेतीन किलो. उरलेले सोसायटीत, दूधवाल्याला आणि माझ्या ऑफिसात वाटले गेले.

नंतर ते स्क्रीनशॉट घेऊन आम्ही एकेक नाव तपासलं. ‘हो’ म्हणणाऱ्या ५४ जणांपैकी याआधी वहिनींकडून काहीही विकत घेतलेले होते फक्त ९. बाकी नातेवाईक, शाळेतल्या मैत्रिणी, असेच पदार्थ विकणाऱ्या इतर बायका आणि कुठली तरी रील आवडली म्हणून फॉलो करणारी माणसं. पोल खोटं बोलला नव्हता. लाडू आणावेत असं त्या सगळ्यांना खरंच वाटत होतं, फक्त विकत घेणारे ते नव्हते.

ही चूक मी आता इतक्या जणींकडे पाहिली आहे की क्रमच लिहून काढला. बहुतेक जणी पोलपासून सुरुवात करतात. पोल यायला हवा तिसऱ्या जागी. आधी लोक आपणहून काय बोलतात ते वाचायचं, मग मोकळा प्रश्न विचारायचा, मग त्यांच्याच शब्दांतले पर्याय देऊन पोल घ्यायचा आणि शेवटी आगाऊ पैसे मागायचे. पुढची उदाहरणं वहिनींच्या त्यानंतरच्या खेपेची आहेत.

## १. आधीची तयारी: गिऱ्हाइकांची यादी आणि एक वाक्य

काहीही विचारण्याआधी ठरवायचंय काय, ते एका वाक्यात लिहा. ‘नवीन काय आणू?’ हे वाक्य चालणार नाही, कारण त्याचं उत्तर काहीही आलं तरी तुम्ही तिथेच राहता. वहिनींचं वाक्य होतं: ‘पुढच्या दोन महिन्यांत एकच नवीन गोष्ट आणायची, ती आहे त्याच कढईत आणि मिक्सरवर झाली पाहिजे, आणि २५ जणांनी आधी पैसे दिले तरच लेबलं छापायची.’

२५ हा आकडा हवेतून आला नव्हता. छापणारा त्याहून कमी लेबलं परवडेल अशा दरात देत नव्हता, आणि रविवार पेठेतून पाऊच आणायचे तर तेही गठ्ठ्यानेच घ्यावे लागत होते. तुमचा आकडा वेगळा असेल. पण तो पोलच्या आधी लिहून ठेवा. नंतर ठरवायला बसलात की आलेल्या मतांकडे बघून तो आपोआप खाली सरकतो.

दुसरी तयारी कंटाळवाणी आहे आणि सगळा खेळ तिच्यावरच आहे. आजवर ज्यांनी पैसे देऊन माल घेतला त्यांची यादी करा आणि प्रत्येकापुढे त्यांचं इन्स्टाग्रामवरचं नाव लिहा. अडचण इथेच येते. ऑर्डर व्हॉट्सॲपवर येते, तिथे ‘देशपांडे काकू, पौड रोड’ असतं; इन्स्टावर त्याच काकू भलत्याच नावाने, गुलाबाच्या फोटोखाली असतात. दोन्ही जुळवायला वहिनींना आठवडा लागला. तेव्हापासून त्या प्रत्येक ऑर्डरला सहज विचारतात, ‘इन्स्टावर कुठल्या नावाने आहात?’ लोक सांगतात.

तपासा: यादीतल्या निम्म्या गिऱ्हाइकांचंही इन्स्टावरचं नाव सापडत नसेल, तर तुमची खरी गिऱ्हाइकं तिथे नाहीतच, व्हॉट्सॲपवर आहेत. मग पोलच्या निकालाला फार किंमत देऊ नका आणि पाचव्या टप्प्यावर, म्हणजे आगाऊ पैशांवर, जास्त भर द्या.

## २. कमेंट्स वाचणं: न विचारता जे सांगितलं जातं

मागच्या सहा महिन्यांच्या कमेंट्स, डीएम आणि व्हॉट्सॲपवरचे प्रश्न एका शीटमध्ये उतरवा. फोनवर कुणी काही विचारलं असेल आणि आठवत असेल तर तेही. एका ओळीत एकच कमेंट. रकाने पाच पुरतात: तारीख, नाव, जसंच्या तसं वाक्य, मुद्दा, आणि आधी घेतलंय का. मुद्द्याचा रकाना सुरुवातीला रिकामाच ठेवा. आधीच ‘लाडू’, ‘लोणची’ असे खण पाडलेत की सगळ्या कमेंट्स त्यातच कोंबल्या जातात.

वाक्य जसंच्या तसं लिहायचं, हे पुन्हा सांगते. वहिनींनी पहिल्या दिवशी ‘पॅकिंगबद्दल विचारणा’ असं लिहिलेलं होतं. मूळ कमेंट शोधून काढली तर ती अशी होती: ‘मुलगी हॉस्टेलला असते, एकाच चटणीचं पाव किलो तिला संपत नाही, मग टाकून देते.’ या एका वाक्यात कोण घेतं, कोणासाठी घेतं आणि अडतं कुठे, हे सगळं आहे. ‘पॅकिंगबद्दल विचारणा’मध्ये काहीच नाही.

‘मस्त’, ‘तोंडाला पाणी सुटलं’, नुसते बदाम हे सगळं वगळा. ‘किंमत?’ हाही मागणीचा मुद्दा नाही. तो तुम्ही पोस्टमध्ये भाव लिहीत नाही याचा पुरावा आहे. एखादी रील भरपूर चालली असेल तर तिच्याखालच्या कमेंट्स वेगळ्या पानावर ठेवा. तिथे येणाऱ्यांनी तुमचं नावही नीट वाचलेलं नसतं.

वहिनींच्या शीटमध्ये २१२ ओळी झाल्या, त्यातल्या कामाच्या निघाल्या ७४. त्या दोनदा वाचल्यावरच मुद्द्यांना नावं दिली. मग मोजणी. इथे कमेंट्स मोजायच्या नाहीत, माणसं मोजायची. एकच ताई पाच वेळा ‘पुरणपोळी ठेवा ना’ म्हणाल्या तर ती मागणी एकच. गुगल शीटमध्ये नाव ‘B’ रकान्यात आणि मुद्दा ‘D’ रकान्यात असेल तर हे सूत्र वेगवेगळी माणसं मोजून देतं:

```
=COUNTA(UNIQUE(FILTER(B2:B,D2:D="टिकणं")))
```

इशारा: एका ओळीत ‘टिकणं’ आणि दुसरीत ‘टिकणे’ लिहिलंत तर शीटला ते दोन वेगळे मुद्दे वाटतात. आणि सूत्रातला शब्द रकान्यात कुठेच नसेल तरी उत्तर शून्य येत नाही, १ येतं. म्हणून १ दिसला की आधी शुद्धलेखन तपासा.

निकाल आम्हाला अपेक्षित नव्हता. ‘किती दिवस टिकेल, कुरिअरने पाठवलं तर?’ असं विचारणारे १९ जण होते. ‘छोटं पाकीट आहे का?’ विचारणारे १४. ‘बिनलसणाची मिळेल का?’ ९. लाडू मागणारे अवघे ३. त्यातही पहिल्या दोन मुद्द्यांत बरीचशी नावं तीच होती, आणि ती आधी माल घेतलेल्यांची होती. म्हणजे गिऱ्हाईक नवा पदार्थ मागतच नव्हतं. आहे तोच पदार्थ त्यांना दुसऱ्या मापात, लांब पाठवता येईल असा हवा होता. कमेंट्समध्ये हे वारंवार घडतं. मागणी मापाची, वेष्टनाची किंवा पोचवण्याची असते आणि आपण नव्या पाककृतीच्या मागे लागतो.

## ३. प्रश्नाचा स्टिकर: मागे काय झालं ते विचारा

आता स्टोरीवर प्रश्नाचा स्टिकर टाका. प्रश्न एकच, तोही कमेंट्समधून वर आलेल्या मुद्द्याबद्दल. ‘तुम्हाला काय आवडेल?’ असं विचारलंत की लोक मनातल्या मनात जेवायला बसतात आणि उकडीच्या मोदकांपासून सुरुवात करतात. आवडीची उत्तरं उदार असतात, कारण ती फुकट असतात. त्याऐवजी घडून गेलेल्या गोष्टीबद्दल विचारा.

वहिनींनी लिहिलं होतं: ‘मुलांना बाहेरगावी खाऊ पाठवताना मागच्या वेळी काय बिनसलं?’ प्रश्न एवढाच, कारण उत्तर अंगठ्याने टाइप करायचं असतं. वर दोन ओळी प्रस्तावना लिहिलीत तर ती कुणी वाचत नाही.

१७ उत्तरं आली. ही संख्या कमी नाही. या टप्प्यावर मोजायचं काहीच नसतं, वाचायचं असतं. ‘चटणीचं तेल पाकिटाबाहेर आलं, सगळे कपडे पिवळे’, हे वेगवेगळ्या शब्दांत चौघींनी लिहिलं होतं. ‘रूममेट्स एका दिवसात संपवतात, छोटी छोटी पाकिटं असती तर लपवता आली असती’, हे एका मुलाने स्वतः लिहिलं होतं. तेल गळण्याचा मुद्दा कमेंट्समध्ये अजिबात नव्हता. तो विचारल्यावरच कळला आणि पुढे पाऊच जाड घ्यायचा निर्णय त्यावरून झाला.

उत्तर देणाऱ्यांपैकी जे आधीचे गिऱ्हाईक आहेत अशा चार-पाच जणांना डीएमवर एकच पुढचा प्रश्न विचारा, ‘म्हणजे नक्की काय झालं होतं?’ विकायचा प्रयत्न तिथे करू नका. वहिनींनी एकीला लगेच ‘आम्ही आता नवीन पॅक आणतोय’ असं कळवलं आणि ती बाई जी गप्प झाली ती झालीच.

इशारा: आलेली उत्तरं लगेच स्टोरीवर लावू नका. पहिली दोन उत्तरं दिसली की पुढचे लोक तोच सूर धरून लिहितात. २४ तास पूर्ण होऊ द्या, मग लावा. स्टोरीवर लावताना लिहिणाऱ्याचं नाव दिसत नाही हे खरं, पण मजकुरावरून माणूस ओळखू येत असेल तर आधी विचारून घ्या.

## ४. पोल: आता पर्याय, आणि भावासकट

पोलमध्ये चार पर्यायांपर्यंत सोय आहे. तिचा नीट वापर करा. हो/नको असा पोल घेऊच नका. ओळखीच्या माणसाला तोंडावर ‘नको’ म्हणायला आपल्याकडे जड जातं, आणि मत कोणी दिलं ते तुम्हाला दिसतं हे लोकांना ठाऊक असतं.

पर्याय लिहिताना तीन गोष्टी सांभाळा. शब्द गिऱ्हाइकांचे असावेत. सगळ्या पर्यायांचं वजन आणि भाव जवळपास सारखे असावेत, नाहीतर लोक स्वस्त तेच निवडतात आणि तुम्हाला वाटतं चव निवडली. आणि शेवटचा पर्याय ‘यातलं काही नको’ हा हवाच. तो नसेल तर नुसतं पुढे काय आहे ते बघायला लोक काहीही दाबतात, कारण मत दिल्याशिवाय निकाल दिसत नाही.

वहिनींच्या पोलवर ठळक अक्षरांत ‘एकूण २०० ग्रॅम, ₹२४०, कुरिअर वेगळं’ असं लिहिलं होतं आणि खाली चार पर्याय. एकूण ९६ मतं आली. ती अशी फुटली:

| पर्याय | सगळी मतं | आधी घेतलेल्यांची | बाकीच्यांची |
|---|---|---|---|
| ४ चटण्या, ५०-५० ग्रॅम | ३१ | ९ | २२ |
| २ चटण्या, १००-१०० ग्रॅम | १२ | २ | १० |
| मेतकूट १००, २ चटण्या ५०-५० | २४ | १० | १४ |
| यातलं काही नको | २९ | १ | २८ |

स्टिकरवर दिसतो तो फक्त ‘सगळी मतं’ हा रकाना, तोही टक्क्यांत. त्यावरून वाटतं की चार चटण्या जिंकल्या आणि जवळजवळ तेवढ्याच लोकांना काहीच नको आहे. ‘आधी घेतलेल्यांची’ हा रकाना वेगळंच सांगतो. ‘नको’ म्हणणारे जवळपास सगळे कधीच न घेणारे होते, त्यांचं नको आपल्याला लागू नाही. आणि मेतकुटाचा डबा मागे नाही, चार चटण्यांच्या बरोबरीने आहे.

बरोबरीनेच, पुढे नाही. १० विरुद्ध ९ यात काही अर्थ काढायचा नसतो. अंदाजासाठी एवढं लक्षात ठेवा की १०० मतांच्या पोलमध्ये टक्का निव्वळ योगायोगाने दहाएक इकडे-तिकडे होऊ शकतो, आणि २५ मतांच्या पोलमध्ये वीसएक. तेही मतं देणारे सरसकट सगळ्यांतून आले असतील तर. इथे तेही नसतं. रोज स्टोरी बघणारे तेच ते लोक असतात. म्हणून आधी घेतलेल्यांच्या २२ मतांवरून एवढंच ठरवायचं, की २ मतांचा पर्याय बाद.

दुसऱ्या दिवशी तोच पोल पर्यायांचा क्रम उलटा करून टाकून बघा. वरचा पर्याय घाईत जास्त दाबला जातो. आकडे फारच बदलले तर पर्याय लोकांना नीट कळलेले नाहीत. दोन्ही दिवस मत देणाऱ्यांना मोजताना मात्र एकदाच धरा.

तपासा: स्टोरी चालू असतानाच मत देणाऱ्यांच्या नावांचे स्क्रीनशॉट घ्या, प्रत्येक पर्यायाचे वेगळे, आणि यादी शेवटपर्यंत सरकवून. नंतर बघू म्हणून ठेवलंत तर हातात टक्केच राहतील.

व्हॉट्सॲप ग्रुपवर पोल घ्यायचा मोह होईल. तिथे कोणी काय मत दिलं ते सगळ्यांना दिसतं. आमच्या भिशीच्या ग्रुपवर हा प्रयोग करून झालाय: वयाने मोठ्या मावशींनी जे निवडलं त्यावर पुढच्या अकरा जणी गेल्या. शिवाय तिथे एकाहून जास्त पर्याय निवडायची मुभा आपोआप चालू असते. ती बंद केली नाहीत तर सगळ्यांना सगळंच हवं असं दिसतं. त्यापेक्षा दहा जणींना वेगवेगळा मेसेज करून विचारलेलं बरं.

## ५. आगाऊ पैसे: खरा पोल हाच

पोलमध्ये टिकलेले दोन पर्याय घ्या आणि ऑर्डर उघडा. मुदत चार दिवस. निम्मे किंवा पूर्ण पैसे आधी, यूपीआयने. मजकुरात साफ लिहा: २५ ऑर्डर झाल्या नाहीत तर अमुक तारखेला पैसे परत. हे लिहायला संकोच वाटतो, पण पैसे परत करणं लाडू वाटण्यापेक्षा स्वस्त पडतं. हीच जाहिरात त्याच दिवशी व्हॉट्सॲप स्टेटसवर आणि जुन्या गिऱ्हाइकांना एकेकीला पाठवा.

‘माझं एक ठेवा हं’ ही ऑर्डर नाही. वहिनींकडे असे १८ मेसेज आले. त्यांना त्यांनी एकच उत्तर दिलं, ‘हो, यूपीआय केलं की नाव लिहिते.’ १८ पैकी ७ जणींनी केलं. बाकीच्या अकरांचा माल आधीच बनवला असता तर पुन्हा तेच झालं असतं.

चार दिवसांत ३१ डबे झाले: मेतकुटाचे १९, चार चटण्यांचे १२. पोलमध्ये एकूण मतांत मागे असलेला पर्याय इथे पुढे गेला. पोलमध्ये या दोन पर्यायांना मत देणारी जुनी गिऱ्हाइकं १९ होती, त्यातल्या ११ जणांनी प्रत्यक्ष एकेक डबा घेतला. उरलेले २० डबे घेणाऱ्यांनी पोलमध्ये भागच घेतला नव्हता. त्यातल्या बहुतेक पन्नाशीच्या पुढच्या, व्हॉट्सॲपवरून ऑर्डर करणाऱ्या बायका. स्टोरीवर बोट दाबणं ही त्यांची सवयच नाही. म्हणूनच पाचवा टप्पा गाळून पोलवरून थेट माल बनवू नये.

इशारा: ‘किती टिकेल?’ याचं उत्तर मतांवरून ठरत नाही. ऑर्डर उघडण्याच्या आधी काही पाकिटं सील करून घरातल्या उबदार कपाटात ठेवा आणि दर आठवड्याला एक फोडून वास, चव बघा. सुकं खोबरं आणि शेंगदाणे आधी खवट होतात, जवस तर लवकरच. जेवढ्या आठवड्यांचं पाकीट चांगलं निघालं त्याहून कमीच पाकिटावर छापा. ओलं खोबरं घातलेलं काहीही कुरिअरच्या डब्यात नको.

## नेहमी होणाऱ्या आणखी काही चुका

सणाच्या तोंडावर विचारणं ही सगळ्यात मोठी. श्रावणात विचारलंत तर उपवासाचं, दिवाळीच्या आधी विचारलंत तर फराळाचं उत्तर येणारच. ज्या महिन्यात विकायचं आहे त्याच्या साधारण महिनाभर आधी विचारा, आणि दुसऱ्या ते पाचव्या टप्प्यात तीन आठवड्यांहून जास्त अंतर पडू देऊ नका.

दुसरी, दर आठवड्याला पोल टाकणं. लोक कंटाळतात ते वेगळंच. पण विचारून काहीच आणलं नाही असं तीनदा झालं की पुढच्या प्रश्नाला मनापासून कोणी उत्तर देत नाही. निकाल काय लागला आणि तुम्ही काय ठरवलं, हे एका स्टोरीत सांगून टाका. ‘नाही आणत आहोत’ हेसुद्धा.

तिसरी, उरलेले मुद्दे फेकून देणं. बिनलसणाची चटणी मागणारे ९ जण वहिनींच्या शीटमध्ये तसेच आहेत, नावांसकट. त्यांच्यापुढे वहिनींनी ‘आषाढी एकादशीच्या पंधरा दिवस आधी’ असं लिहून ठेवलंय, कारण चातुर्मासात कांदा-लसूण सोडणारी घरं त्यांच्या यादीत बरीच आहेत. तेव्हा पोल टाकायचा नाही असं ठरलंय. या नऊ जणींना थेट मेसेज जाईल, भाव आणि यूपीआयसह.